व्हिसा केंद्राचा पत्ता: पत्रात एक, नकाशावर दुसरा, दूतावास तिसरीकडे. नक्की जायचं कुठे?

मुग्धा_र · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. आई-बाबांची शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट गुरुवारी, १६ तारखेला सकाळी ९:३० ला आहे. मी परदेशात आहे, ते दोघेच जाणार आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला मोबाइलवर नकाशा बघायची सवय नाही. म्हणून सगळं आधीच नीट ठरवून द्यावं या विचाराने आज बसले, तर माझाच गोंधळ उडाला.

माझ्यासमोर तीन पत्ते आहेत. अपॉइंटमेंटच्या पत्रावर व्हिसा केंद्राचा एक पत्ता आहे. नकाशावर त्या केंद्राचं नाव टाकलं तर खूण त्याच रस्त्यावर, पण वेगळ्याच इमारतीवर पडते. आणि दूतावासाच्या संकेतस्थळावर 'संपर्क' या पानावर जो पत्ता आहे तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. बाबा म्हणतात व्हिसा दूतावासच देतो तर दूतावासातच जायला हवं. मला ते पटत नाही, पण खात्रीही नाही.

त्यांचं विमान पुढच्या महिन्याच्या २२ तारखेला आहे. ही अपॉइंटमेंट चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. कुणी हे नीट तपासून बघितलं आहे का? खरा पत्ता कुठला, हे कशावरून ठरवायचं?

---

श्रीकांत७० · सोमवार, रात्री ९:५८

यात गोंधळण्यासारखं काही नाही. अपॉइंटमेंटचं पत्र हा अधिकृत कागद आहे, त्यावर जो पत्ता आहे तोच खरा. नकाशा कुणीही बदलू शकतो, तो विसरून जा. मी आजवर चार वेळा व्हिसा काढला, चारही वेळा पत्रावरच्या पत्त्यावर गेलो आणि काम झालं. प्रिंट काढून आई-बाबांच्या हातात द्या.

---

अनघा_त · सोमवार, रात्री १०:१५

मुग्धा, दूतावासात मात्र पाठवू नकोस गं. मी ही चूक केली आहे म्हणून आधी हेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझी अपॉइंटमेंट साडेनऊची होती. मी सव्वानऊला दूतावासाच्या फाटकाशी पोचले. झेंडा दिसला, देशाचं नाव दिसलं, म्हटलं आलो बरोबर. फाटकावरच्या माणसाने माझं पत्र बघितलं आणि भिंतीवरच्या एका फलकाकडे बोट दाखवलं. व्हिसाचे अर्ज इथे घेतले जात नाहीत, केंद्रात जा, असं लिहिलं होतं आणि खाली पत्ता. तो पत्ता माझ्या हातातल्या पत्रावरही छापलेला होता. मी पत्र उघडलं होतं ते फक्त वेळ बघायला.

केंद्रावर पोचायला मला सव्वादहा वाजले. माझी वेळ निघून गेली होती. त्यांनी आत घेतलं नाही, पुन्हा वेळ घ्या म्हणाले. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आणि बहिणीच्या लग्नाला मी पोचू शकले नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

---

नितीन_पी · सोमवार, रात्री १०:३१

मी दोन महिन्यांपूर्वीच हे केलं. पत्ता दूतावासाचाच लिहायचा. 'प्रति, व्हिसा अधिकारी' आणि खाली दूतावासाचं नाव आणि शहर. केंद्राचा पत्ता लिहायची गरज नाही.

---

मुग्धा_र · सोमवार, रात्री १०:३६

नितीन, तुम्ही बहुतेक कव्हर लेटरबद्दल बोलताय. ते लिहून झालंय, दूतावासाच्या नावेच आहे. माझा प्रश्न माणसांनी प्रत्यक्ष कुठे जायचं हा आहे.

---

नितीन_पी · सोमवार, रात्री १०:३८

हो हो, माफ करा, घाईत वाचलं. पत्र दूतावासाच्या नावे आणि द्यायचं केंद्रात, बरोबर आहे तुमचं.

---

विद्याधर_ट्रॅव्हल · सोमवार, रात्री ११:२०

मी प्रवास कंपनीत व्हिसाचं टेबल सांभाळतो, बरीच वर्षं झाली. मुग्धाताई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि वेळेवर विचारलात.

आधी बाबांची शंका. व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास किंवा वाणिज्य दूतावासच ठरवतो, त्यात बाबा बरोबर आहेत. पण कागद घेणं, बोटांचे ठसे आणि फोटो घेणं, शुल्क घेणं आणि पासपोर्ट परत करणं हे काम बहुतेक देशांनी बाहेरच्या कंपन्यांना दिलं आहे. व्हीएफएस ग्लोबल, टीएलएस काँटॅक्ट, बीएलएस इंटरनॅशनल ही त्यातली मोठी नावं. ही केंद्रं भाड्याच्या कार्यालयांत असतात. व्यापारी संकुल, एखादा मॉल, मेट्रो स्टेशनजवळची इमारत. दूतावास पन्नास वर्षं एकाच जागी असतो, केंद्राचा भाडेकरार मात्र संपतो, कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जातं, गर्दी वाढली की मोठी जागा घेतली जाते. म्हणून केंद्रांचे पत्ते बदलत राहतात.

आता श्रीकांतराव, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नकाशापेक्षा पत्र खरं, हे मान्य. पण पत्रावरचा पत्ता हा पत्र तयार झालं त्या दिवशीचा असतो. अपॉइंटमेंट घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत केंद्र हललं, तर तुम्ही साठवून ठेवलेली पीडीएफ आपोआप बदलत नाही. केंद्राचं संकेतस्थळ बदललेलं असतं, तुमच्याकडचा कागद जुना राहतो. माझ्या टेबलावर हे वर्षातून एकदोनदा तरी होतं.

ताई, आता तुम्ही तीन गोष्टी बघून इथे लिहा. पत्र कुठल्या तारखेला डाउनलोड केलं होतं? तुम्ही केंद्राच्या संकेतस्थळावर कशा पोचलात, सर्च करून की दूतावासाच्या पानावरून? आणि केंद्राच्या पानावर वरच्या बाजूला काही सूचना आहे का?

---

मुग्धा_र · सोमवार, रात्री ११:५२

पत्र गेल्या महिन्याच्या २८ तारखेचं आहे, ईमेलमधून आलं तेव्हाच साठवलं होतं. संकेतस्थळावर सर्च करूनच गेले होते. सूचना अशी काही दिसली नाही, पण मी नीट शोधलीही नाही. उद्या सकाळी बसते.

---

विद्याधर_ट्रॅव्हल · मंगळवार, सकाळी ७:०५

सर्च करून जाऊ नका. दूतावासाच्या किंवा त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा, तिथे व्हिसाच्या पानावर केंद्राचा दुवा असतो, त्याच दुव्यावरून पुढे जा. दूतावासांची संकेतस्थळं ओळखणं सोपं आहे. जर्मनीच्या दूतावासांचा पत्ता `diplo.de` ने संपतो, अमेरिकेचा `usembassy.gov` ने. फ्रान्सचा व्हिसा `france-visas.gouv.fr` वरून सुरू होतो. ब्रिटनने तर केंद्र शोधण्यासाठी वेगळं पान ठेवलं आहे, `www.gov.uk/find-a-visa-application-centre`.

'संपर्क' पान बघू नका, 'व्हिसा' पान बघा. 'संपर्क' वर दूतावासाचा स्वतःचाच पत्ता असतो, तो तिथे चुकीचा नाही, फक्त तुमच्या कामाचा नाही. तुमचा तिसरा पत्ता तिथूनच आला आहे.

आणखी एक बघायचं. एकच कंपनी डझनावारी देशांचं काम करते आणि प्रत्येक जोडीचं पान वेगळं असतं. व्हीएफएसच्या पानाचा पत्ता असा दिसतो:

```
visa.vfsglobal.com/ind/en/deu
```

यात पहिली तीन अक्षरं म्हणजे अर्ज कुठल्या देशातून करताय, मधली भाषा, शेवटची तीन म्हणजे जायचं कुठे. वरचा पत्ता भारतातून जर्मनीसाठीचा आहे. पहिली किंवा शेवटची तीन अक्षरं वेगळी असतील तर तुम्ही दुसऱ्याच कुणाचा पत्ता वाचताय. पान दिसायला मात्र हुबेहूब तसंच असतं, रंग आणि रचना सगळं एकसारखं.

---

सुहास_के · मंगळवार, सकाळी ८:२२

विद्याधरजी, तीन अक्षरांचं हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या वर्षी मी याच पानावर जवळपास तासभर आमचं शहर शोधत होतो. यादीत नव्हतंच. मला वाटलं आमच्या शहरातलं केंद्र बंद पडलं. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं की आता दुसऱ्या शहरात जावं लागणार. नंतर मुलाने दाखवलं की पहिली तीन अक्षरं `are` होती, म्हणजे मी संयुक्त अरब अमिरातीतून अर्ज करणाऱ्यांचं पान उघडून बसलो होतो. चूक माझीच, पण पानावर ते पटकन लक्षात येत नाही हे खरं.

---

मुग्धा_र · मंगळवार, सकाळी १०:४५

सापडलं! आणि हात थरथरताहेत लिहिताना.

दूतावासाच्या व्हिसा पानावरून गेले. तिथून केंद्राचं पान उघडलं, त्यावर शहर निवडलं. आणि तिथला पत्ता आमच्या पत्रावरच्या पत्त्याशी जुळत नाही! रस्ता तोच, पण इमारत वेगळी, मजला वेगळा, पिनकोडचा शेवटचा आकडाही वेगळा. मग मुखपृष्ठावर परत गेले, तर सूचनांच्या सरकत्या पट्टीत चौथ्या नंबरवर एक ओळ आहे: आमच्या शहरातलं केंद्र १३ तारखेपासून नव्या जागेत काम करेल. १३ म्हणजे काल. पत्र २८ तारखेचं, अपॉइंटमेंट १६ ची. म्हणजे पत्र निघालं तेव्हा केंद्र जुन्या जागेत होतं आणि आई-बाबा जातील तेव्हा नव्या जागेत असेल.

आता नकाशाचंही कोडं सुटलं. नकाशावरची खूण नव्या इमारतीवर होती. म्हणजे मी ज्याला चूक समजत होते तेच बरोबर निघालं.

---

श्रीकांत७० · मंगळवार, सकाळी ११:१०

मान्य आहे, माझं चुकलं. आपलं पत्र मधल्या काळात जुनं होऊ शकतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मग सामान्य माणसाने भरवसा ठेवायचा तरी कशावर? ज्यांच्याकडे सगळ्यांचे ईमेल आहेत त्यांनी जागा बदलल्याचं एक ईमेल पाठवायला नको का?

---

विद्याधर_ट्रॅव्हल · मंगळवार, दुपारी १२:३०

श्रीकांतराव, पाठवतात कधी कधी. कधी ते जाहिरातींच्या खणात जाऊन पडतं, कधी ज्या एजंटने अपॉइंटमेंट घेतली त्याच्या ईमेलवर जातं आणि अर्जदाराला कळतच नाही. मुग्धाताई, तेही एकदा चाळून बघा.

आता एक काम करा. ज्या खात्यातून अपॉइंटमेंट घेतली त्यात पुन्हा लॉगिन करा आणि पत्र नव्याने डाउनलोड करा. साठवलेलं उघडू नका, तिथलं बटण पुन्हा दाबा. बहुतेक ठिकाणी पत्र त्या क्षणी नव्याने तयार होतं आणि त्यावर चालू पत्ता येतो. तसं आलं तर जुनी प्रिंट फाडून टाका, नाहीतर फाइलमध्ये दोन पत्रं राहतात आणि ऐनवेळी नेमकं जुनं हाताला लागतं.

पुन्हा काढूनही जुनाच पत्ता आला तर मात्र हेल्पलाइनला फोन आणि ईमेल दोन्ही करा. फोनवर 'पत्ता बरोबर आहे ना' असं विचारू नका. हेल्पलाइनवरचा माणूस केंद्रात बसलेला नसतो, पुष्कळदा दुसऱ्याच शहरात असतो आणि शंभर केंद्रांच्या चौकश्या घेत असतो. तुम्ही पत्ता वाचून दाखवलात की तो 'हो' म्हणतो. त्याला पत्ता सांगायला लावा. '१६ तारखेला अमुक देशाच्या अर्जासाठी या शहरात कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर यायचं?' असं विचारा आणि तो सांगेल ते लिहून घ्या. तारीख आणि देश दोन्ही सांगायचं विसरू नका. एका शहरात एका कंपनीची दोन-तीन केंद्रं असू शकतात, एका इमारतीत शेंगेन देश आणि दुसरीत बाकीचे. काही ठिकाणी जास्त पैसे देऊन घेतलेल्या प्रीमियम सेवेचा कक्षही वेगळ्या मजल्यावर किंवा वेगळ्या इमारतीत असतो. आई-बाबांची अपॉइंटमेंट साधी आहे की प्रीमियम, पत्रावर बघून घ्या.

---

प्राजक्ता_ओ · मंगळवार, दुपारी १:१५

अमेरिकेच्या व्हिसाला असंच असतं का? माझ्या दिराची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

---

विद्याधर_ट्रॅव्हल · मंगळवार, दुपारी १:४०

प्राजक्ताताई, अमेरिकेचं वेगळं आहे आणि तिथे उलट चूक होते. भारत, मेक्सिको अशा काही देशांत पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्याला साधारणपणे दोन भेटी असतात. एक बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी अर्ज केंद्रात, दुसरी मुलाखतीसाठी दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात. म्हणजे इथे दूतावासात जायचंच असतं, पण दुसऱ्या भेटीला. पुष्टीपत्रावर दोन्ही भेटींच्या तारखा, वेळा आणि पत्ते वेगवेगळे दिलेले असतात. केंद्राला कुठे `VAC` लिहिलेलं असेल, कुठे `OFC`. लोक वरचा पत्ता वाचतात आणि दोन्ही दिवशी तिथेच जातात. दिरांना सांगा, दोन कागदांवर दोन तारखा आणि त्यांच्यासमोर दोन पत्ते वेगळे लिहून ठेवा. दोन भेटी दोन वेगळ्या शहरांतही असू शकतात, तेही बघा.

---

वर्षा_एम · मंगळवार, दुपारी २:२०

मला लिश्टेनस्टाइनला जायचंय. त्यांचा दूतावास आमच्या देशात आहे असं कुठे दिसत नाही. मग केंद्र शोधायचं तरी कसं?

---

विद्याधर_ट्रॅव्हल · मंगळवार, दुपारी २:५५

लिश्टेनस्टाइनचं व्हिसाचं काम स्वित्झर्लंड बघतं. शेंगेनमध्ये एका देशाने दुसऱ्याच्या वतीने अर्ज घेण्याची रीत आहे. तुम्ही स्वित्झर्लंडच्या दूतावासाच्या व्हिसा पानावर जा आणि तिथून त्यांच्या केंद्राचा दुवा घ्या. हे इतरांसाठीही लिहितो: जिथे एखाद्या शेंगेन देशाचा दूतावास नाही तिथे दुसरा कुठला देश त्याचं काम बघतो का, हे त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर बघायचं. नुसतं देशाचं नाव नकाशावर टाकून मिळालेल्या मानद वाणिज्य दूताच्या पत्त्यावर जाऊन उभं राहिलात तर बहुतेक वेळा अर्ज घेतला जात नाही.

---

राजेंद्र_घ · मंगळवार, दुपारी ४:०५

मी असं ऐकलंय की शेंगेनच्या नियमाप्रमाणे दूतावासाने थेट अर्ज घ्यायलाच हवा, केंद्रात जायची सक्ती नाही. मग मुग्धाच्या बाबांनी दूतावासात जाऊन आग्रह धरला तर?

---

विद्याधर_ट्रॅव्हल · मंगळवार, दुपारी ४:३०

राजेंद्रजी, तुम्ही ऐकलंय ते पूर्वीचं. शेंगेनच्या व्हिसा नियमांत थेट अर्जाची सोय ठेवण्याची अट होती. २०१९ च्या दुरुस्तीत ती काढली आणि दुरुस्ती फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. काही दूतावास अजूनही काही जणांचे अर्ज थेट घेतात, पण त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी लागते. केंद्राची अपॉइंटमेंट हातात घेऊन दूतावासाच्या दारात आग्रह धरला तर सकाळ तिथेच जाईल आणि केंद्रातली वेळही हातची जाईल.

---

मुग्धा_र · मंगळवार, सायंकाळी ७:१०

विद्याधरजी, मनापासून आभार. पत्र नव्याने डाउनलोड केलं. आता त्यावर नवा पत्ता आहे! तारीख, वेळ, संदर्भ क्रमांक सगळं तेच, फक्त पत्त्याच्या दोन ओळी बदलल्या आहेत. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघितली तरी फरक पटकन दिसत नाही, रस्त्याचं नाव एकच असल्यामुळे.

फोनही केला. तुम्ही म्हणालात तसं त्याला सांगायला लावलं. त्याने आधी जुना मजला सांगितला, मग 'थांबा' म्हणून बघितलं आणि नवी इमारत, दुसरा मजला सांगितला. मी आधी पत्ता वाचून दाखवला असता तर त्याने नुसतं हो म्हटलं असतं. केंद्राचं जुनं ईमेलही सापडलं, जाहिरातींच्या खणात, नऊ दिवसांपूर्वीचं.

---

भूषण_व · मंगळवार, रात्री ८:०२

एक सावधगिरीचं सांगतो, धाग्याशी जोडलेलंच आहे. माझ्या सासऱ्यांनी केंद्राचं नाव सर्च केलं आणि सगळ्यात वरच्या दुव्यावर गेले. तो जाहिरातीचा दुवा होता. पान अगदी खऱ्यासारखं, दूतावासाचं चिन्हसुद्धा होतं. तिथे केंद्राचा पत्ता बघण्याआधी नाव, पासपोर्ट क्रमांक आणि 'नोंदणी शुल्क' मागितलं. त्यांनी पैसे भरले. आलेल्या पत्रावर पत्ता तर होता, पण तिथे गेल्यावर वेगळ्याच कुठल्या एजंटचं कार्यालय निघालं.

नुसता पत्ता बघायला कुठलंही खरं केंद्र पैसे मागत नाही किंवा पासपोर्ट क्रमांक विचारत नाही. तसं विचारलं की पान बंद करायचं.

केंद्राच्या बाहेरही काही माणसं उभी असतात. 'केंद्र इथून हललं, चला मी दाखवतो' म्हणतात आणि आपल्या दुकानात नेऊन फोटो काढायला, फॉर्म भरायला लावतात. मुग्धा, तुझ्या आई-बाबांच्या बाबतीत केंद्र खरोखरच हललंय, त्यामुळे जुन्या इमारतीजवळ असं कुणी भेटलं तर ते त्यांना खरंच वाटेल. त्यांना आधीच सांगून ठेव.

---

मुग्धा_र · मंगळवार, रात्री ८:२५

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आत्ताच आईला फोन करते.

---

अनघा_त · मंगळवार, रात्री ९:००

आणखी एक सुचवू का? आदल्या दिवशी कुणाला तरी नुसतं तिथे जाऊन बघून यायला सांग. शेजारी, भाचा, कुणीही. फाटक कुठलं, लिफ्ट कुठे, बाबांच्या गुडघ्यांसाठी पायऱ्या किती. नकाशावरची खूण इमारतीच्या मधोमध असते, दार कुठल्या बाजूला आहे ते ती सांगत नाही.

---

मुग्धा_र · बुधवार, सायंकाळी ६:४०

माझा चुलतभाऊ आज जाऊन आला. त्याने पाठवलेले फोटो बघून मला रडूच आलं, एवढं सगळं किती सहज चुकलं असतं.

जुन्या इमारतीच्या दारावर ए-फोर कागदावर नव्या जागेचा पत्ता चिकटवलेला आहे, एका कोपऱ्याचा चिकटपट्टीचा तुकडा सुटलेला. त्यावर फक्त इमारतीचं नाव आहे, मजला नाही. नवी इमारत तिथून चालत बारा मिनिटांवर. तिला दोन मनोरे आहेत, ए आणि बी, आणि केंद्र बी मध्ये. रस्त्यावरून दिसतं ते दार ए चं. बी चं दार मागच्या गल्लीत, गाड्या उभ्या करायच्या जागेतून आत. सुरक्षारक्षकाने भावाला आधी ए मध्येच पाठवलं, तिथे दुसऱ्याच एका कंपनीचा दुसरा मजला होता. बी ला उताराची वाट आहे, पायऱ्या नाहीत, लिफ्ट दाराशीच. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

आईला आता नकाशा पाठवत नाही. भावाने बी च्या दाराचा फोटो काढलाय, त्यावरच लाल बाण काढून पाठवला. टॅक्सीवाल्याला मागच्या गल्लीचं नाव सांगायचं, एवढं तिने वहीत लिहून घेतलं.

---

मुग्धा_र · गुरुवार, दुपारी १:१५

झालं! नऊला पाच कमी असताना पोचले, साडेनऊला आत घेतलं, पावणेअकराला बाहेर. बाबांचे ठसे दोनदा घ्यावे लागले, बोटं कोरडी होती म्हणून, बाकी काही नाही. आई म्हणाली रांगेत तिच्या पुढे एक मुलगा धापा टाकत आला होता, जुन्या इमारतीतून पळत. त्याची वेळ नऊची होती. त्याला आत घेतलं की नाही ते तिला कळलं नाही.

तुम्हा सगळ्यांमुळे हे झालं. विद्याधरजी, अनघाताई, खूप खूप आभार.

एकच राहिलं. पावतीवर लिहिलंय की पासपोर्ट घ्यायला 'केंद्रात' यावं, आणि खाली छापलेला पत्ता जुनाच आहे. पावत्यांचे कागद आधीचे छापलेले असावेत. पासपोर्ट नव्या जागेतच मिळेल ना?

---

विद्याधर_ट्रॅव्हल · गुरुवार, दुपारी २:०५

आनंद झाला ताई. पावतीचं तुमचं म्हणणं बरोबर असावं, पण गृहीत धरू नका. काही केंद्रं अर्ज एका जागी घेतात आणि पासपोर्ट दुसऱ्या जागी परत देतात, आणि जागा बदलल्यावर काही दिवस परत देण्याची खिडकी जुन्या जागीच चालू ठेवल्याचंही मी पाहिलं आहे. पासपोर्ट तयार असल्याचा संदेश आला की त्यात पत्ता आहे का बघा, नसेल तर त्याच दिवशी पुन्हा फोन. परत देण्याच्या वेळाही अर्ज घेण्याच्या वेळांपेक्षा बहुधा वेगळ्या असतात, दुपारच्या असतात पुष्कळ ठिकाणी. बाबांऐवजी भाऊ जाणार असेल तर अधिकारपत्र, मूळ पावती आणि त्याचं स्वतःचं ओळखपत्र लागेल.

---

श्रीकांत७० · गुरुवार, दुपारी २:४०

हे वाचून मी माझी पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट आत्ताच पुन्हा डाउनलोड केली. पत्ता तोच आहे, पण मजला पाचव्याचा तिसरा झालाय. जुनी प्रिंट फाडली.